लेबल, सुरक्षितता आणि एक फसलेला प्रश्न

आजचा विषय आम्हाला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडला. अन्न-जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नीतिशास्त्राचा एक पेपर असतो, आणि त्यातले निबंध तपासायला आम्हाला बोलावलं होतं. प्रश्न साधारण असा होता : जनुकीय बदल केलेले अन्न सुरक्षित आहे का, आणि त्या आधारे त्याला लेबल सक्तीचे असावे का, चर्चा करा.

जवळपास सगळे निबंध दोन साच्यांत बसतात. एक म्हणतो, चाचण्या झाल्या, अन्न सुरक्षित ठरलं, मग लेबल कशाला? दुसरा म्हणतो, दीर्घकालीन परिणाम माहीत नाहीत, म्हणून लेबल हवंच. दोघे एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत असं वाटतं, पण दोघांच्या पायाखाली एकच फळी आहे, ती म्हणजे 'लेबल हा धोक्याचा इशारा आहे'. ही फळी कुणीच तपासत नाही. ती तपासण्याआधी या मुलांना 'चाचण्या झाल्या' म्हणजे नेमकं काय झालं हे माहीत आहे का, ते पाहू.

बहुतेक जण बीटी वांग्याचं उदाहरण घेतात. ते घ्यावंच. जालन्याच्या महिकोचं हे वांगं, त्यात मातीतल्या एका जिवाणूचं क्राय1एसी हे प्रथिन बनवणारं जनुक घातलेलं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ते खाते आणि मरते. ऑक्टोबर 2009मध्ये केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला, आणि नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेऊन 9 फेब्रुवारी 2010 रोजी मंत्री जयराम रमेश यांनी लागवड स्थगित केली. इथवर सगळे बरोबर लिहितात. पुढे मात्र एक वाक्य हमखास येतं : 'उंदरांवर 90 दिवस चाचणी झाली आणि काहीही अपाय आढळला नाही.' आणि परिच्छेद संपतो. आमच्या मते तो इथे सुरू व्हायला हवा.

'अपाय आढळला नाही' या वाक्याला लगेच विचारायचा प्रश्न असा : अपाय असता, तर तो आढळला असता का? अशा चाचणीच्या रूढ पद्धतीत एका गटात निदान 10 नर आणि 10 माद्या असतात. समजा, एखादा अपाय शंभरातल्या एका उंदराला होतो. मग 20 उंदरांत तो एकदाही न दिसण्याची शक्यता किती? 0.99 हा आकडा वीस वेळा घेऊन गुणाकार करा. उत्तर 0.82च्या आसपास येतं. म्हणजे अपाय खरा असूनही शंभरातल्या ब्याऐंशी वेळा चाचणी म्हणेल, काही आढळलं नाही. याचा अर्थ चाचणी निरुपयोगी आहे असा नाही हं. गटातल्या बहुतेक उंदरांचं वजन घटलं, यकृत बिघडलं, रक्तातले आकडे सरकले, तर ते तिला कळतं. तिचं जाळं मोठ्या माशांसाठी विणलेलं आहे, एवढंच.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि ती निबंधांत क्वचितच दिसते. एखादं रसायन तपासताना आपण माणसाच्या वाट्याला येईल त्याच्या शंभरपट डोस उंदराला देऊ शकतो. वांग्याचं तसं करता येत नाही. उंदराला वांगीच वांगी घातली तर तो पोषणाच्या असंतुलनानेच आजारी पडेल, आणि दोष वांग्याचा की जनुकाचा ते कळणार नाही. म्हणून नवं प्रथिन वेगळं काढून त्याचा मोठा डोस उंदरांना दिला जातो, आणि जठरातल्यासारख्या आम्लात, पेप्सिनसोबत ते किती लवकर पचतं ते पाहतात. ज्ञात ॲलर्जीकारक प्रथिनांशी त्याची रचना जुळते का, हेही पडताळतात. सुरक्षिततेचा निष्कर्ष या सगळ्यांच्या गोळाबेरजेवर उभा असतो, एकट्या उंदरांवर नव्हे.

आता ब्राझील नटची गोष्ट. ही 'विरोधी' निबंधांची लाडकी. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी, म्हणून ब्राझील नटमधल्या एका प्रथिनाचं जनुक सोयाबीनमध्ये घातलं गेलं. ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्यांचं रक्तजल वापरून तपासणी झाली आणि 1996 साली निकाल प्रसिद्ध झाला : नऊपैकी आठ जणांच्या रक्तजलातली प्रतिपिंडं त्या प्रथिनाला चिकटली. ते सोयाबीन बाजारात आलंच नाही. विद्यार्थी लिहितात, 'म्हणून जीएम अन्न घातक'. समर्थक लिहितात, 'म्हणून चाचणीव्यवस्था पक्की'. आम्हाला दोन्ही घाई वाटते. ही चाचणी जमली, कारण ब्राझील नट लोक आधीपासून खात होते, त्याची ॲलर्जी असलेली माणसं होती आणि त्यांचं रक्तजल मिळालं. जे प्रथिन माणसाने अन्न म्हणून कधी खाल्लंच नाही, त्याच्यासाठी असं रक्तजल आणायचं कुठून? तिथे पचन आणि रचनेची तुलना या अप्रत्यक्ष खुणांवरच भागवावं लागतं. एका विद्यार्थिनीने हे दोन ओळींत लिहिलं होतं. तिला आम्ही भरपूर गुण दिले.

आता लेबलाकडे येऊ. युरोपात सक्तीचं लेबल आहे, म्हणून तिथे जीएम अन्न धोकादायक मानतात, हे वाक्य आम्ही इतक्यांदा वाचलं की डोळे मिटूनही दिसतं. वस्तुस्थिती उलट आहे. युरोपीय संघाच्या 2003च्या नियमांनुसार सुरक्षिततेचं मूल्यमापन होऊन परवानगी मिळाल्याशिवाय असं अन्न विकताच येत नाही. म्हणजे लेबल लागतं ते परवानगी मिळालेल्यालाच. जे असुरक्षित ठरेल त्याला लेबल लावून विकत नाहीत, ते दुकानात येतच नाही. तिथे लेबल काय सांगतं? ही वस्तू कशी बनली, ते. आपल्याकडच्या पाकिटांवरचा हिरवा ठिपका आठवा. तो नसला म्हणून पाकिटातलं अंडं विषारी आहे असं कुणी समजत नाही. तरीही तो ठिपका काढून टाका म्हटलं, तर घराघरांतून ओरड होईल, आणि ती रास्त असेल. याउलट 'यात शेंगदाणे आहेत' ही सूचना मात्र खरोखर सुरक्षिततेची आहे. पाकीट तेच, पण त्यावरची ही दोन लेबलं वेगवेगळ्या कारणांसाठी आहेत.

हा भेद केला की खरा वाद कुठे आहे ते सरकीच्या तेलात दिसतं. आपल्याकडचा बहुतेक कापूस आता बीटी आहे, आणि त्याच्या सरकीचं तेल खाद्यतेल म्हणून विकलं जातं. चांगल्या शुद्ध केलेल्या तेलात ना प्रथिन उरतं, ना तपासणीत पकडता येईल असा डीएनए. मग लेबल लावायचं का? अमेरिकेने अति-शुद्ध पदार्थांना, बदललेला डीएनए सापडत नसेल तर, सक्तीतून वगळलं. तिथलं सक्तीचं लेबल 2022पासून आहे. युरोपने अशा तेलालाही लेबल सक्तीचं केलं. पण प्रयोगशाळेत फरक सापडतच नसेल, तर तपासणाराने काय तपासायचं? कागद. बियाणं कुठलं, सरकी कुठून आली, गिरणीत कोणत्या मालात मिसळली, याची पावत्यांची साखळी. भारतात 2013पासून पाकीटबंद अन्नावर 'जीएम' लिहिण्याचा नियम आला, पण लेबल सक्तीचं म्हणणाऱ्या निबंधांपैकी एकानेही जिनिंगच्या दारापर्यंत जाऊन विचारलेलं नाही की ही साखळी कोण लिहिणार, आणि पाच गावांची सरकी एकाच ढिगात पडल्यावर ती कुठे तुटणार.

आणि म्हणून आमची तक्रार विद्यार्थ्यांपेक्षा प्रश्न काढणाऱ्यांशी आहे. 'आणि त्या आधारे' या तीन शब्दांनी त्यांनी उत्तर आधीच ठरवून टाकलं. आम्ही गुणपत्रकाबरोबर एक चिठ्ठी पाठवली : पुढच्या वेळी हे तीन शब्द काढा, आणि दोन प्रश्न वेगळे विचारा. चिठ्ठीचं उत्तर अजून आलेलं नाही.