‘पब्जी’ म्हणजे नेमका कोणता खेळ?

राजारामपुरीतल्या माझ्या घरी गेल्या उन्हाळ्यात एक लघुप्रबंध वाचायला आला. विषय मनापासून आवडला. आपल्याच गल्ल्यांतली मुले मोबाइलवर एकत्र खेळतात, तेव्हा त्यांची भाषा, मैत्री आणि भांडणे कशी घडतात, हा तो विषय. जनता बाजार चौकात आणि बाईच्या पुतळ्याजवळ क्लास सुटल्यावर बसणाऱ्या मुलांशी विद्यार्थ्याने २०२१ ते २०२३ या काळात पुन्हा पुन्हा बोलून मुलाखती घेतल्या होत्या आणि त्या जिवंत उतरल्या होत्या. संदर्भसूचीत एका कथासंग्रहाची तिसरी आवृत्ती प्रकाशक, गाव आणि वर्षासह नीट नोंदवलेली होती. पण ज्या खेळावर सगळा प्रबंध उभा होता, त्याची नोंद एवढीच : ‘पब्जी, मोबाइल गेम, गूगल प्ले स्टोअर.’

मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, पोरं पब्जीच म्हणतात की.” त्याचे खरे आहे. बोलण्यात तेच नाव आजही टिकून आहे. पण नाव टिकले तरी त्या नावाखालची वस्तू मधल्या काळात बदलली, नाहीशी झाली, परत आली, पुन्हा नाहीशी झाली आणि पुन्हा परतली.

‘पब्जी मोबाइल’ २०१८ साली आला. टेन्सेंटच्या लाइटस्पीड अँड क्वांटम या स्टुडिओने तो बनवला होता आणि मूळ संगणकावरचा खेळ दक्षिण कोरियातल्या कंपनीचा होता. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात हा खेळ होता. ३० ऑक्टोबरपासून त्याचे सर्व्हरही भारतासाठी बंद झाले. २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन या कोरियन कंपनीने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ अँड्रॉइडवर आणला. मैदाने आणि बंदुका ओळखीच्या होत्या, पण अ‍ॅप नवे, प्रकाशक वेगळा आणि नियमही वेगळे होते : अठराच्या आतल्या मुलांना दिवसाला तीनच तास. २८ जुलै २०२२ रोजी तोही स्टोअरवरून उतरवला गेला. ज्यांच्या फोनवर आधीपासून होता त्यांचा चालत राहिला, नव्याने घेता मात्र येईना. मे २०२३ मध्ये तो तीन महिन्यांच्या परीक्षणकाळासाठी परतला. तेव्हा मुलांसाठी तीन तास आणि बाकीच्यांसाठी सहा तास अशी मर्यादा होती.

हा कालपट समोर ठेवून मी मुलाखती पुन्हा वाचल्या. ऑक्टोबर २०२२ मधला एक मुलगा सांगतो, “आमच्यात नवीन कोण येतच नाय.” विद्यार्थ्याने यावर दोन पाने लिहिली होती : गट स्वतःला कसा बंद करून घेतो, जुने खेळाडू नव्याला कसे दूर ठेवतात. त्या महिन्यात नवा मुलगा त्या गटात येणार कसा? खेळ स्टोअरवर नव्हताच. जून २०२३ मधला एक कॉलेजकुमार म्हणतो, “सहा तास झाले की बाहेर काढतंय.” प्रबंधात हे वाक्य अतिशयोक्तीचा नमुना म्हणून आले होते. मुलगा अक्षरशः खरे सांगत होता. संदर्भसूचीतली एक ओळ ढिली राहिली आणि विवेचनाची तीन पाने चुकली. म्हणूनच या नोंदीला मी कारकुनी काम समजत नाही. ती अर्थ लावण्याची पहिली पायरी आहे.

आता अशा नोंदींच्या शास्त्राची स्थिती पाहू. विद्यापीठांत ज्या इंग्रजी शैलीपुस्तिका वापरल्या जातात त्या याबाबतीत मुक्या नाहीत. एपीएच्या सातव्या आवृत्तीत मोबाइल अ‍ॅपसाठी वेगळा नमुना आहे : कर्ता, तुम्ही वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष, नाव, आवृत्तीक्रमांक आणि कोणत्या स्टोअरवरून घेतले. एमएलएच्या साच्यात ‘आवृत्ती’ हा स्वतंत्र घटकच आहे. शिकागोच्या पुस्तिकेने २०१७ च्या सतराव्या आवृत्तीत खेळ आणि अ‍ॅप यांना स्वतःचा परिच्छेद दिला, आणि ‘अँग्री बर्ड्‌स ट्रान्सफॉर्मर्स’चे उदाहरण घेताना आवृत्ती १.४.२५ आणि अँड्रॉइडची किमान गरज दोन्ही छापली. २००१ पासून निघणाऱ्या ‘गेम स्टडीज’ या नियतकालिकात खेळाच्या नोंदीत बनवणारा स्टुडिओ आधी येतो आणि खेळ कोणत्या यंत्रावर खेळला ते कंसात येते.

साचे आहेत, पण मराठी प्रबंधांत ते पोचताना दोन गोष्टी गळतात. पहिली म्हणजे कर्ता. स्टोअरच्या पानावर दिसते ते नाव अ‍ॅप पुरवणाऱ्याचे असते, बनवणाऱ्याचे असेलच असे नाही. ‘फ्री फायर’ घ्या. नाव सगळीकडे गरेना या सिंगापूरच्या प्रकाशकाचे दिसते, खेळ मात्र १११ डॉट्‌स स्टुडिओचा आहे. प्रबंधाचा विषय व्यवसाय असेल तर प्रकाशक महत्त्वाचा, खेळाची रचना असेल तर स्टुडिओ. दोन्ही लिहावेत आणि कोण कोण ते स्पष्ट करावे. याच खेळाची आणखी एक अडचण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली ती ‘फ्री फायर’वर. ‘फ्री फायर मॅक्स’ चालू राहिला. मुले दोघांनाही फ्री फायरच म्हणतात. त्यामुळे नोंदीत ‘मॅक्स’ हा शब्द गाळला, तर बंद पडलेल्या खेळाचा हवाला दिल्यासारखे होते.

दुसरी गळणारी गोष्ट म्हणजे आवृत्ती, आणि तिचे मला खरेच वाईट वाटते. पाठभेदाचे भान मराठीला नवे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून वेगळी प्रत छापली. ज्ञानेश्वरीवर लिहिणारा अभ्यासक कोणती प्रत वापरली हे सांगितल्याशिवाय एका शब्दावरही वाद घालत नाही. खेळात हे पाठभेद काही आठवड्यांत होतात आणि नवा पाठ आला की जुना फोनवरून पुसला जातो. पोथी निदान बासनात तरी राहते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्‌स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हे याचे आपल्या घरातले उदाहरण. २०२० मध्ये तो आला तेव्हा दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन इंग्रजीत होते. २०२२ च्या ‘एन्हान्स्ड एडिशन’मध्ये हिंदी आवाज आला आणि खेळाच्या इतर भागांतही बदल झाले. उद्या कोणी भारतीय खेळांतल्या देवतांच्या भाषेवर लेख लिहिला, हिंदी संवादांची चर्चा केली आणि हवाला ‘राजी, २०२०’ असा दिला, तर त्या वर्षीचा खेळ ज्यांनी खेळला आहे ते चक्रावून जातील. उलट, इंग्रजीतल्या देवांवर टीका करणाऱ्याने ‘२०२०’ लिहिलेच पाहिजे, नाहीतर नंतर केलेल्या सुधारणेचे श्रेय तो स्टुडिओला नाकारतो.

नोंद करायची कशी, हे मी विद्यार्थ्याला फोन हातात घेऊन दाखवले. फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर आवृत्तीक्रमांक असतो. स्टोअरवरचा क्रमांक घेऊ नये, कारण तो आजचा असतो, तुमच्या फोनवरचा कदाचित महिन्यापूर्वीचा. अँड्रॉइड फोन संगणकाला जोडता येत असेल आणि फोनच्या मालकाची परवानगी असेल, तर एका आज्ञेत सगळे कळते :

```
adb shell "dumpsys package com.pubg.imobile | grep -E 'versionName|firstInstallTime|lastUpdateTime'"
```

यातले com.pubg.imobile हे त्या अ‍ॅपचे अंतर्गत नाव. बोलीतले नाव काहीही असो, हे फसवत नाही. जुन्या पब्जी मोबाइलचे com.tencent.ig असे होते, म्हणजे दोन वेगळ्या वस्तू इथे लगेच वेगळ्या दिसतात. उत्तरात आवृत्तीबरोबर अ‍ॅप पहिल्यांदा कधी घेतले आणि शेवटचे कधी अद्ययावत झाले याच्या तारखा येतात. मुलाखत देणारा ‘पहिल्या दिवसापासून खेळतोय’ म्हणत असेल, तर ताडून पाहायला या तारखा मदत करतात. पूर्ण पुरावा मात्र त्या होत नाहीत, कारण फोन बदलला किंवा अ‍ॅप काढून पुन्हा घेतले की पहिली तारीख नवी होते.

आवृत्तीक्रमांकालाही मर्यादा आहे. खेळातले पुष्कळ काही सर्व्हरवरून येते : सणाचे कार्यक्रम, दुकानातल्या किमती, वेळेचे नियम. अ‍ॅपचा क्रमांक तोच राहून हे सगळे एका रात्रीत बदलू शकते. म्हणून क्रमांकाशेजारी खेळून पाहिल्याची तारीख हवी, आणि ज्या प्रसंगावर लिहायचे त्याचे पडद्यावरचे चित्रीकरण जवळ हवे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले की तिथे २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. मोबाइलवरच्या, सर्व्हरवर जगणाऱ्या खेळाचा तर जुना डबा जपून ठेवण्याचीही सोय नाही. अनेकदा अभ्यासकाने केलेले चित्रीकरण हीच त्या पाठाची उरलेली प्रत असते.

मराठीत नोंद कशी दिसावी, याचा आम्ही दोघांनी मिळून एक साचा केला. तो असा : क्राफ्टन, ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, मोबाइल खेळ, अँड्रॉइड, आवृत्ती २.५.०, २०२३ (पहिले प्रकाशन २०२१), com.pubg.imobile, खेळून पाहिले जून २०२३, मुलाखतीत ‘पब्जी’. शेवटचे दोन शब्द कोणत्याही इंग्रजी पुस्तिकेत नाहीत. मला ते आवश्यक वाटतात, कारण बोलीतले नाव हाही सांस्कृतिक अभ्यासाचा ऐवज आहे. तो नोंदीतून पुसायचा नाही, फक्त खऱ्या नावाच्या जागी बसवायचा नाही. २.५.० हा आकडा त्याला स्वतःच्या जुन्या चित्रीकरणात सापडला. खेळ उघडतानाच्या पडद्यावर कोपऱ्यात तो बारीक अक्षरांत होता.

डिसेंबर २०२१ आणि ऑक्टोबर २०२२ च्या मुलाखतींसाठी असा पुरावा नव्हता. तिथे त्याने आवृत्ती अंदाजाने भरली नाही. महिना लिहिला आणि पुढे ‘आवृत्ती नोंदवलेली नाही’ असे लिहिले. परीक्षक म्हणून मी या तीन शब्दांचे गुण कधीही कापणार नाही. इतरांनीही कापू नयेत आणि ‘पब्जी, गूगल प्ले स्टोअर’ एवढीच नोंद असलेला प्रबंध मात्र परत पाठवावा, ही माझी मार्गदर्शकांना विनंती आहे.

राहिली मार्च २०२१ ची मुलाखत. “रोज रात्री पब्जी असतंय,” असे तो मुलगा सांगत होता. त्या महिन्यात पब्जी मोबाइलचे सर्व्हर भारतासाठी बंद होते आणि बॅटलग्राउंड्स अजून आला नव्हता. तो परदेशी आवृत्ती आडवाटेने खेळत होता, की दुसऱ्याच खेळाला पब्जी म्हणत होता? विद्यार्थ्याने त्याला पुन्हा गाठून विचारले. त्याला आठवत नव्हते आणि तो फोनही राहिला नव्हता. ती मुलाखत प्रबंधातून काढावी लागली.