एमएच २३ आणि .io

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन ट्रक निघतात. सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यावर असा ट्रक दिसला, की बघणारा फक्त नंबर प्लेटची पहिली चार अक्षरं वाचतो. एमएच २३. 'बीडचे आले' एवढं त्याला कळतं, आणि पुढचं त्याने आधीच ठरवलेलं असतं. अंबाजोगाईचा ट्रक असेल तर एमएच ४४, पण तिकडच्या लोकांना तोही 'बीडचाच'. ही अक्षरं इतकी नेमकं बोट दाखवतात, की पुण्यात खोली शोधणाऱ्या आमच्याकडच्या पोराला गाडी गल्लीच्या टोकाला लावाविशी वाटते.

माझा भाचा त्यातलाच. पुण्यात दोन मित्रांबरोबर त्याने सॉफ्टवेअरचा धंदा सुरू केला आणि वेबसाइटला .io हे शेपूट घेतलं. का, असं विचारलं तर म्हणाला, "इनपुट-आउटपुट, मामा. शिवाय आपण कुठले ते कुणाला कळत नाही." पहिलं कारण त्याच्या व्यवसायातल्या सगळ्यांचं आहे, दुसरं खास बीडचं. .io हे एका जागेचं नाव आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

ती जागा म्हणजे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश, अर्थात चागोस बेटं. देशांना आणि प्रदेशांना दोन अक्षरी संकेत देणारी एक आंतरराष्ट्रीय यादी आहे. तिच्यात भारत IN आहे, आणि 'इंडियन ओशन'मधून आलेला IO या बेटांचा. इंटरनेटची शेपटं वाटायची वेळ आली तेव्हा देश कोणता आणि कोणता नाही या भांडणात पडायला नको, म्हणून ही तयार यादी जशीच्या तशी उचलली गेली. १९९४ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या नियमपत्रात ही भूमिका स्पष्ट आहे. शेपूट ज्याच्याकडे सोपवायचं त्याने त्या देशाचा विश्वस्त म्हणून ते सांभाळावं, अशी अपेक्षाही तिथे आहे. त्या विश्वस्ताने नावं कुणाला द्यावीत, हे मात्र त्याच्यावरच सोडलेलं आहे.

घोळ इथेच आहे, आणि तो आरटीओच्या उदाहरणाने चटकन कळतो. एमएच २३ बीडकडे बोट दाखवतं, कारण वर्षानुवर्षे तिथे राहत असल्याचा किंवा धंदा असल्याचा कागद दाखवल्याशिवाय तो क्रमांक मिळत नसे. हौस पुरवायची ती शेवटच्या चार आकड्यांत. 4141 घेऊन त्याचं 'दादा' करा, 8055चं 'बॉस' करा, सरकार त्याचे जादा पैसे घेतं. पण 'एमएच २३' हा भाग विकाऊ नाही. आता समजा, बीडच्या आरटीओने ठरवलं, की कागद नको, जगात कुणीही पैसे भरावेत आणि एमएच २३ घ्यावं. आणि समजा, २३ हा आकडा कुठल्या तरी खेळाडूच्या जर्सीवर असल्यामुळे परदेशात लाडका आहे. पाच-दहा वर्षांत रस्त्यावरच्या बहुतेक एमएच २३ गाड्यांनी बीड पाहिलेलंही नसेल. मग सांगलीतला माणूस त्या अक्षरांवरून काहीच ठरवणार नाही. त्याने चूक केली असं नाही, अक्षरांतली माहितीच संपलेली असेल.

.io चं हेच झालं. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर इंटरनेटच्या मुळाशी असलेल्या सर्व्हरला एवढंच विचारलं जातं, की .io ची वही कुणाकडे आहे. उत्तरात काही सर्व्हरची नावं येतात, त्या वहीतून पुढचा पत्ता मिळतो. या प्रवासात देश कुठेच विचारला जात नाही. तो विचारला गेला तर फक्त नोंदणीच्या टेबलावर. नॉर्वे तो विचारते, म्हणून .no इंग्रजीत 'नाही' असा छान वाचता येत असूनही नॉर्वेचंच राहिलं. .io च्या टेबलावर तो कधी विचारला गेला नाही. १९९७मध्ये ते एका ब्रिटिश कंपनीकडे सोपवलं गेलं, २०१७मध्ये ती कंपनी अफिलियासने विकत घेतली, आणि अफिलियास पुढे आणखी दुसऱ्या कंपनीत गेली. गूगलनेही आपल्या शोधासाठी .io, .co, .tv यांसारख्या शेपटांना देशाची खूण मानणं सोडून दिलं. २०२३मध्ये त्या यादीत .ai ची भर पडली. .in अजून तिच्यात नाही, त्यामुळे .in दिसलं की मजकूर भारतासाठी आहे असं गूगल धरून चालतं.

इथवर हा नुसता वापराचा प्रश्न वाटतो. शब्द अर्थ बदलतात, अक्षरांनी बदलला तर काय बिघडलं? .ai च्या बाबतीत माझंही जवळपास हेच मत आहे. अँग्विला हे कॅरिबियनमधलं साधारण सोळा हजार वस्तीचं बेट. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत .ai च्या नोंदणीतून २०२३मध्ये तिथल्या सरकारला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, एकूण महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. अक्षरं बेटाकडे बोट दाखवत नाहीत, पण पैसे बेटाकडेच जातात. घर भाड्याने दिलं म्हणून ते आपलं राहत नाही असं नाही.

चागोसचं तसं नाही. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ हवा होता म्हणून ब्रिटनने १९६५मध्ये ही बेटं मॉरिशसपासून तोडून हा नवा प्रदेश बनवला, आणि १९६८ ते १९७३ या काळात नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली सगळी माणसं उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडली. म्हणजे .io जन्मलं तेव्हा त्या दोन अक्षरांच्या जागी वस्ती उरली होती ती तळावरच्या लोकांची. भाडं मागायला घरमालक दारात नव्हता. २०२१मध्ये चागोसवासीयांच्या बाजूने आयर्लंडमध्ये अफिलियासविरुद्ध तक्रार झाली, ती या पैशांवरच. 'इनपुट-आउटपुट' हा अर्थ इतक्या सहज बसला, त्याचं एक कारण मला हे वाटतं, की 'ही अक्षरं आमची' म्हणणारं त्या बेटांवर कुणी ठेवलंच नव्हतं.

मे २०२५मध्ये ब्रिटनने चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. ज्या मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही राहतात, तेच हे मॉरिशस. आता उलटा पेच उभा राहतो. ब्रिटिश प्रदेश संपला आणि IO हा संकेत यादीतून निघाला, तर नियमाप्रमाणे शेपूटही निवृत्त करायचं. त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे, लागल्यास आणखी पाच. युगोस्लाव्हियाचं .yu असंच २०१०मध्ये बंद झालं. सोव्हिएत संघाचं .su मात्र अजून चालू आहे. .io वर इतके धंदे बसले आहेत, की ते सहजी कुणी बंद करेल असं मला वाटत नाही. पण गंमत बघा, जी अक्षरं कुठेच बोट दाखवत नाहीत असं सगळे धरून चालले होते, त्यांचं भवितव्य शेवटी एका नकाशावरच अडलं.

यातून आपण वेगळे आहोत असं समजायचं कारण नाही. बीड जिल्ह्याची सरकारी साइट beed.gov.in आहे, तिथे .in म्हणजे भारतच, कारण gov.in सरकारी कार्यालयांपलीकडे कुणाला मिळत नाही. पण नुसतं .in २००५पासून जगात कुणालाही मिळतं. लिंक्डइनची छोटी लिंक lnkd.in अशी असते, आणि तिथला 'इन' हा इंग्रजीतला 'आत' आहे. भाचा रोज ती लिंक पाठवतो, तिच्यात भारत असल्याचं त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. 2014मध्ये आलेल्या .भारत या देवनागरी शेपटाचं असं काही होणं अवघड, तो पूर्ण शब्द आहे, त्याचं दुसरं काही वाचताच येत नाही. बहुधा म्हणूनच स्टार्टअपवाले त्याच्याकडे फिरकत नसावेत.

चागोसचं सगळं ऐकून भाचा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तिथून हाकललेल्यांना विचारायला हवं होतं. त्याने .io सोडलेलं नाही. गिऱ्हाइकांना तोच पत्ता पाठ आहे. फक्त त्याच नावाचं .in त्याने घेऊन ठेवलं आहे, .io चं काही बरंवाईट झालं तर असावं म्हणून. गाडी अजून एमएच २३च आहे.