टंचाईने स्वभाव उघडा पडतो? आधी तारखा तपासा

यान मार्टेलची ‘लाइफ ऑफ पाय’ (2001) वाचली असेल, तर हे वाक्य तुम्हीही कुठेतरी लिहिलं असेल: ‘उपासमारीत माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो.’ मीही पहिल्या वाचनाच्या टिपणात तेच लिहिलं होतं. आता ते मला चुकीचं वाटतं. (पुढे शेवट उघड होतोय, कादंबरी वाचायची असेल तर इथेच थांबा.)

पाँडिचेरीचा पाय पटेल जहाज बुडाल्यावर 227 दिवस समुद्रात काढतो. बोटीवरचा साठा सापडला की तो यादी करतो आणि हिशोब मांडतो: अन्न 93 दिवस, पाणी 124 दिवस. पक्का शाकाहारी मुलगा, पण चरबी असलेली बिस्किटं नाइलाजाने खातो. पहिला मासा मारताना ढसाढसा रडतो, पुढे मारायची सवय होते. म्हणजे त्याच्यातला बदल पायरीपायरीने होतो आणि वाचकाला तो मोजता येतो.

शेवटी तो चौकशीला आलेल्या जपानी अधिकाऱ्यांना दुसरी गोष्ट सांगतो. त्यात वाघ नाही. आई, जखमी खलाशी आणि स्वयंपाकी आहे. आता हा स्वयंपाकी बघा. बोटीत येऊन एक दिवसही झालेला नाही, अन्नपाणी कित्येक आठवडे पुरेल इतकं आहे, तरी तो माश्या पकडून खातोय! पुढे खलाशी आणि आई त्याच्याच हातून मरतात.

आपण प्रयोगात काय शिकतो? कारण आधी, परिणाम नंतर. इथे ‘परिणाम’ टंचाईच्या आधीच हजर आहे. मग टंचाई कारण कशी? स्वयंपाक्याला हलवते ती टंचाईची भीती. तोच साठा समोर असताना एक जण मोजत बसतो, दुसरा झडप घालतो. स्वभाव दिसतो तो या फरकात, आणि तोही डबे भरलेले असताना.

पण माझ्या निष्कर्षालाही मर्यादा आहे. स्वयंपाक्याबद्दलची सगळी माहिती एकट्या पायकडून येते, आणि त्या गोष्टीत पायनेच त्याला मारलेलं आहे. त्याला काळं रंगवण्यात पायचा फायदा आहे. अधिकारी शंका काढतात की केळी तरंगत नाहीत. बेसिनमध्ये टाकून बघतात, तर तरंगतात! पण त्यातून एवढंच कळतं की पहिल्या गोष्टीतला तो तपशील अशक्य नाही. गोष्ट खरी ठरत नाही.

म्हणून मी टिपणातलं वाक्य बदललं: ‘पायच्या सांगण्यानुसार, स्वयंपाक्याची क्रूरता उपासमारीच्या आधी सुरू होते.’ वाक्य कमी भारी वाटतं, पण व्हायव्हात कुणी ‘हे कशावरून?’ विचारलं, तर मला पुस्तकातलं पान दाखवता येईल.