सहापर्यंत जुनाच चालेल

पुण्यातल्या एका सीएच्या ऑफिसात पंधरा-सोळा माणसं काम करतात. तिथल्या ऑफिस मॅनेजर बाईंनी गेल्या नोव्हेंबरात सगळ्यांना एक मेल पाठवला. त्यांच्या परवानगीने तो इथे पूर्ण देते, कारण साध्या कामाचं इतकं नेटकं लेखन फार क्वचित वाचायला मिळतं.

> विषय: शनिवारी संध्याकाळी ६ ला वाय-फायचा पासवर्ड बदलतोय
>
> नमस्कार मंडळी,
>
> शनिवार, २२ तारखेला संध्याकाळी ६ वाजता ऑफिसच्या वाय-फायचा पासवर्ड बदलेल. सहापर्यंत जुनाच चालेल. सोमवारी सकाळपासून नवा लागेल.
>
> नवा पासवर्ड या मेलमध्ये नाही. सोमवारी आल्यावर माझ्या टेबलाशी या, कागदावर दाखवते. चार मराठी शब्द आहेत, इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान लिपी, मध्ये आडवी रेघ. प्रत्येक फोनवर किंवा लॅपटॉपवर एकदाच टाकायचा आहे.
>
> फोन ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणत राहिला तर आपल्या नेटवर्कच्या नावावर जाऊन आधी Forget करा, मग नव्याने जोडा.
>
> प्रिंटर, हजेरीचं मशीन आणि दारावरचा कॅमेरा यांचं मी शनिवारीच बघते. तुम्ही त्यांना हात लावू नका.
>
> यापुढे पासवर्ड दोनच वेळी बदलेल. कोणीही ऑफिस सोडलं की त्याच संध्याकाळी, मग तो कोणीही असो. आणि दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. दर महिन्याला बदलणार नाही.
>
> क्लायंटना हा पासवर्ड देऊ नका. त्यांच्यासाठी Guest नावाचं वेगळं नेटवर्क आहे, त्याचा पासवर्ड रिसेप्शनवर मिळेल. तो दर सोमवारी बदलतो.
>
> नवा पासवर्ड माझ्या नावाने मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर आला, किंवा कोणी लिंक पाठवून विचारला, तर तो मी पाठवलेला नाही. मला फोन करा.

विषयाच्या ओळीतच सगळी बातमी आहे. ‘महत्त्वाची सूचना’ असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला मेल उघडावा लागला असता. इथे दिवस, वेळ आणि काय होणार हे न उघडताच कळतं. मग येते तारीख. २२ नोव्हेंबर ही सुट्टीच्या आधीची मोकळी संध्याकाळ आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती २० तारखेनंतर येते. जीएसटीचं मासिक विवरणपत्र, म्हणजे थ्री-बी, २० तारखेपर्यंत भरायचं असतं. त्याआधीच्या दोन दिवसांत सीएच्या ऑफिसात नेट अर्धा तास बंद पडलं तरी माणसं रडकुंडीला येतात. मेलमध्ये जीएसटीचा उल्लेखही नाही. बाईंनी कॅलेंडर बघून दिवस निवडला आणि कारण सांगत बसल्या नाहीत, कारण वाचणाऱ्यांना ते सांगायची गरज नव्हती.

‘सहापर्यंत जुनाच चालेल’ हे वाक्य मला सगळ्यांत आवडलं. असा बदल जाहीर झाला की लोक दोन दिवस आधीपासूनच बिचकतात. फोन जरा अडखळला की वाटतं, बदलला वाटतं पासवर्ड. मग कोणीतरी आपणहून चालू जोडणी काढून टाकतं. या तीन शब्दांमुळे शनिवारपर्यंत कोणी काही करायचं नाही, हे पक्कं होतं.

पासवर्ड मेलमध्ये नाही, यामागे दोन कारणं आहेत. एक उघड आहे: मेल वर्षानुवर्षं पेटीत राहतो, पुढे पाठवला जातो, ऑफिस सोडून गेलेल्याच्या फोनवरही उरतो. दुसरं ‘दाखवते’ या क्रियेत आहे. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे तर प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. ‘खिडकी’ कोणी khidki लिहील, कोणी khidaki. ‘वाट’ला कोणी एक a लावील, कोणी दोन. तोंडी सांगितला असता तर सोमवारी सकाळी पंधरा जणांनी पंधरा तऱ्हांनी टाकला असता. म्हणून कागद. आणि सगळी लहान लिपी का, तर प्रिंटरच्या दोन बोटं रुंद पडद्यावर बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर शोधताना मोठी लिपी आणि चिन्हं किती छळतात, हे शनिवारी तिथे उभं राहणाऱ्यालाच माहीत असतं.

पण चारच साधे शब्द, तेही लहान लिपीत, मग हा पासवर्ड कच्चा नाही का? इथे थोडं आत जायला हवं. आजही बहुतेक छोट्या ऑफिसांत जी डब्ल्यूपीए-टू पद्धत चालते, तिच्यात फोन आणि राउटर जोडले जाताना चार निरोपांची देवाणघेवाण होते. ती हवेतून होते, त्यामुळे जवळपास बसलेला कोणीही ती टिपून घरी नेऊ शकतो. मग घरी बसून एकेक पासवर्ड लावून जुळतो का बघायचं. राउटरला यातलं काहीच कळत नाही, म्हणून तो अडवूही शकत नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४,०९६ वेळा घुसळल्यावर खरी किल्ली तयार होते, आणि एवढी मेहनत मुद्दामच ठेवलेली आहे, म्हणजे प्रत्येक अंदाजाला वेळ लागावा. तरीही गेमिंगचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला वीस-पंचवीस लाख अंदाज तपासतं.

आपल्याकडे अनेक दुकानांत आणि ऑफिसांत वाय-फायचा पासवर्ड म्हणजे मालकाचा मोबाइल नंबर असतो. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. हे सगळेच्या सगळे त्या कार्डावर अर्ध्या तासाच्या आसपास तपासून होतात. २०२१ साली ईडो हूर्विच या संशोधकाने इस्रायलमधल्या तेल अवीव शहरात फिरून ५,००० नेटवर्कांची अशी माहिती टिपली आणि त्यांतले ३,५०० हून अधिक पासवर्ड उकलले. त्यांत मोबाइल नंबरांचाच मोठा भरणा होता. याउलट सात-आठ हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द काढले, तर त्याच कार्डाला सगळ्या जोड्या तपासायला चाळीस-पन्नास वर्षं लागतील. चिठ्ठ्या मात्र खरोखर टाकायला हव्यात. मनाने निवडलेले शब्द लगेच ओळखीच्या वाटेने जातात: ऑफिसचं नाव, गणपती, पुणे, चालू वर्ष.

आता त्या परिच्छेदाकडे येते ज्यासाठी हा मेल जपून ठेवावा. ‘दर महिन्याला बदलणार नाही.’ पासवर्ड जितक्या वेळा बदलू तितकं बरं, असा समज अजून घट्ट आहे. पण ठराविक मुदतीने बदलायला लावलं की माणसं जुन्याच पासवर्डचा शेवटचा आकडा वाढवतात, हे अनेक वर्षांच्या अनुभवाने कळलं. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत वैयक्तिक पासवर्ड कारण नसताना मुदतीने बदलायला लावू नका असं स्पष्ट लिहिलं. वाय-फायचा पासवर्ड मात्र वैयक्तिक नसतो. तो सोळा जणांचा मिळून एकच असतो, आणि तो कधी शिळा होतो, हे तारखेवर ठरत नाही. सोळातला एक जण निघून गेला, की त्या घटकेला तो शिळा झाला.

सीएच्या ऑफिसात हे सतत घडतं. आर्टिकलशिपची मुलं येतात, दोन-तीन वर्षं राहतात, परीक्षा देऊन जातात. फोनमध्ये पासवर्ड तसाच राहतो. पुढे कधी खाली पार्किंगमध्ये गाडी लावली तरी फोन आपोआप जोडला जातो, त्या मुलाच्या मनात काहीही नसताना. आत गेल्यावर बँकेचे व्यवहार नेहमी सांकेतिक असल्याने वाचता येत नाहीत, हे खरं. पण ऑफिसचा प्रिंटर, क्लायंटांच्या ताळेबंदांची सामायिक फोल्डरं, कॅमेऱ्याचं पान, हे सगळं आतल्यांसाठी उघडं असतं. एप्रिलचा वार्षिक बदल कशासाठी, हे मेल सांगत नाही. माझ्या मते तो विसरलेल्यांसाठी आहे: दुरुस्तीला आलेला माणूस, एखाद्या ऑडिटपुरता बसलेला पाहुणा.

‘मग तो कोणीही असो’ हे तुकड्यासारखं वाक्य नियमाला माणसाळवतं. कोणी गेल्यावर पासवर्ड बदलला की जाणाऱ्याला वाटू शकतं, माझ्यावर भरवसा नाही. नियम आधीच, कोणाचंही जाणं ठरलेलं नसताना, सर्वांसाठी लिहून ठेवला की तो कोणावर रोखलेला राहत नाही. वरिष्ठ भागीदार निवृत्त झाले तरी त्याच संध्याकाळी बदलेल.

मेलमध्ये दोन गोष्टी राहून गेल्या आहेत. अँड्रॉइडवर आवृत्ती १० पासून जोडलेल्या नेटवर्कचा पासवर्ड क्यूआर कोडच्या रूपात दुसऱ्याला दाखवता येतो. क्लायंटने ‘जरा वाय-फाय द्या’ म्हटलं की माणूस पासवर्ड सांगत नाही, फोन पुढे करतो, आणि त्याला आपण पासवर्ड दिला असं वाटतच नाही. ‘देऊ नका’च्या जोडीला ‘कोडही दाखवू नका’ असं लिहायला हवं होतं. दुसरं, सोमवारी बाईच आल्या नाहीत तर? कागद कोणाकडे आहे हे मेल सांगत नाही. एका बंद लिफाफ्यात दुसरी प्रत एखाद्या भागीदाराच्या कपाटात ठेवली आहे, एवढी ओळ पुरली असती.

शेवटच्या परिच्छेदात मात्र काही राहिलेलं नाही. पासवर्ड बदलणार ही बातमी सोळा जणांना ठाऊक आहे म्हणजे ती बाहेरही जाऊ शकते, आणि नवा पासवर्ड येण्याची वाट बघणारी माणसं फसायला सगळ्यांत सोपी असतात. ‘हा घ्या नवा पासवर्ड, या लिंकवर जाऊन आपला लॉगिन टाका’ असा मेल रविवारी रात्री आला, तर तो त्यांना अपेक्षितच वाटेल. म्हणून बाईंनी खऱ्याची एकच वाट ठेवली, टेबलाशी जाऊन कागद बघण्याची. बाकी कुठल्याही वाटेने आलेला तो खोटा. इतका सोपा नियम असल्याने ओळखायला कोणाला संगणक कळावा लागत नाही, रिसेप्शनवरच्या मुलीलाही नाही आणि भागीदारांनाही नाही.