तळ्यातलं मूल : आक्षेप नेमका कुठे लागतो?

पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचा ‘फॅमिन, ॲफ्लुअन्स अँड मोरॅलिटी’ हा लेख १९७२ साली प्रसिद्ध झाला. लिहिला होता नोव्हेंबर १९७१ मध्ये, पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते तेव्हा. लेखातलं उदाहरण बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तुम्ही उथळ तळ्याजवळून जाताय, एक लहान मूल बुडतंय. आत उतरलात तर कपडे चिखलाने खराब होतील, बाकी काही नाही. मग उतरायलाच हवं, हे कुणीही म्हणेल. सिंगर पुढे म्हणतो, दूरच्या देशात उपासमारीने मरणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी नाही. अंतराने नैतिक फरक पडत नाही, आणि मदत करू शकणारे तुमच्यासारखे आणखी पुष्कळ आहेत यानेही पडत नाही.

या लेखावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक अतिभाराचा : हे तत्त्व माणसाकडून फार मागतं. दुसरा आपलेपणाचा : आई-वडील, भावंडं, मित्र यांचं आपल्यावर जे विशेष देणं असतं, ते यात हरवतं. पुष्कळ सेमिनार पेपरांत हे दोन्ही एकाच परिच्छेदात येतात आणि ‘म्हणून सिंगर अव्यवहार्य आहे’ असं म्हणून विषय संपतो. माझ्या मते इथेच वाचन कच्चं राहतं. हे दोन आक्षेप युक्तिवादाच्या दोन वेगळ्या जागी लागतात.

आधी युक्तिवाद नीट बघूया. सिंगरचं मुख्य विधान असं : एखादी वाईट गोष्ट टाळणं आपल्या हातात असेल, आणि ती टाळताना तितकंच नैतिक मोल असलेलं काही गमवावं लागत नसेल, तर ती टाळलीच पाहिजे. आता एक बारीक गोष्ट. मूळ लेखात हे विधान आधी येतं आणि तळं नंतर, त्या तत्त्वाचा एक उपयोग म्हणून. पण वाचणाऱ्याला तत्त्व पटतं ते तळ्यामुळेच. म्हणजे तळं हे औपचारिकदृष्ट्या उदाहरण, आणि प्रत्यक्षात पुरावा. मग विचारायला हवं, हा पुरावा किती मोठ्या दाव्याला पुरतो?

एक हिशेब करू. समजा तुमची फेलोशिप महिना ४२,००० रुपये आहे आणि एक मूल वाचवायला ३,००० रुपये लागतात. (हा आकडा फक्त हिशेबासाठी धरलाय.) पहिले ३,००० दिले, ३९,००० उरले. आता पुन्हा तोच प्रश्न : हे ३,००० एका मुलाच्या जिवाइतके मोलाचे आहेत का? नाहीत. मग द्या. असं करत अकराव्या वेळी तुमच्याकडे ९,००० उरतात, खोलीचं भाडं आणि मेसपुरते. प्रत्येक पायरीवर तराजूत एका बाजूला फक्त ३,००० होते आणि दुसऱ्या बाजूला एक जीव. गेलेले एकूण ३३,००० तराजूत कधी आलेच नाहीत. आणि पुढच्या महिन्यात हे पुन्हा पहिल्यापासून.

तळ्याच्या गोष्टीत मात्र मूल एकच आहे, प्रसंग एकदाच आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे लगेच खटकावं : ग्राफवर एक बिंदू आहे आणि त्यावरून आपण सबंध रेषा काढतोय. गॅरेट कलिटी या तत्त्वज्ञाने २००४ च्या पुस्तकात हाच भेद मांडला. दर वेळी फक्त पुढच्या पायरीची किंमत मोजायची, की आजवरच्या त्यागाची बेरीजही मोजायची? सिंगरचं तत्त्व पहिलं धरतं. तळं दोहोंपैकी एकाचीही निवड करून देत नाही.

ट्रॅव्हिस टिमरमनने २०१५ मध्ये याच फटीत बोट घातलं. त्याच्या गोष्टीतल्या लिसाच्या खात्यातून हॅकर्स दर पाच मिनिटांनी २०० डॉलर काढताहेत, आणि ते थांबवायला तिला स्वतः बँकेत जावं लागेल. वाटेत शेकडो तळी आहेत, प्रत्येकात एक मूल. एकाला वाचवायला साधारण पाच मिनिटं लागतात. हे रोज, आयुष्यभर चालणार आहे. टिमरमनचा दावा छोटा आहे : इतक्या मुलांना वाचवल्यावर निदान एखाद्या दिवशी लिसा स्वतःसाठी काही करायला गेली, तर तिने चूक केली असं आपण म्हणणार नाही. तळ्याबाबतच्या आपल्या सहज प्रतिक्रियेवर सिंगर विसंबत असेल, तर लिसाबाबतची प्रतिक्रिया त्याला सहज झटकता येणार नाही.

लक्षात घ्या, अतिभाराचा आक्षेप आता निष्कर्षावर नाही, आधारविधानावर लागतोय. नुसतं ‘हे फार होतं’ म्हणणं कमजोर आहे, कारण सिंगरचं उत्तर तयार असतं : आचरायला कठीण म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही. डेव्हिड सोबेलने २००७ मध्ये याहून टोकदार प्रश्न विचारला. मदत करणाऱ्याला पडणारा खर्च आपण ‘भार’ म्हणून मोजतो. मग मदत न मिळाल्याने मुलाला जो खर्च सोसावा लागतो, तो भार का नाही? म्हणजे ‘फार होतं’ म्हणताना आपण कुणाच्या बाजूने मोजतोय, हे आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आता आपलेपणाचा आक्षेप. त्याच ४२,००० मधून धाकट्या बहिणीच्या फीचे १५,००० द्यायचं तुम्ही कबूल केलंय. ते पैसे तिला द्या किंवा पाच अनोळखी मुलांना द्या, तुमच्या खिशातून तेवढेच जातात. तुमच्यावरचा भार दोन्हीकडे सारखा. तरी प्रश्न शिल्लक राहतोच, म्हणजे हा प्रश्न भाराचा नाही. तो सिंगरच्या विधानातल्या ‘तितकंच नैतिक मोल’ या शब्दांवर लागतो. हे मोल कोण मोजणार? कुठेही उभा नसलेला तिऱ्हाईत, की त्या बहिणीचा भाऊ?

बर्नार्ड विल्यम्सचं प्रसिद्ध म्हणणं इथे आठवतं. बायको आणि एक परका माणूस दोघेही संकटात असताना बायकोला वाचवणारा नवरा ‘अशा वेळी बायकोला आधी वाचवणं नैतिकदृष्ट्या चालतं’ असा हिशेब करून धावला, तर त्याच्या मनात एक विचार जास्तच झाला. पण हे उदाहरण वापरताना एक मर्यादा पाळा. तिथे दोन्हीकडे जीव आहे. त्यावरून ‘बहिणीच्या वाढदिवसाचा खर्च आधी, परक्याचा जीव नंतर’ असं निघत नाही. समसमान पणाला लागलेलं असताना नात्याला वजन आहे, इतकंच ते दाखवतं. फी आणि जीव यांच्यामधला पट्टा उरतोच, आणि माझ्या मते खरं संशोधन त्या पट्ट्यात आहे.

मग सिंगर हरला का? माझं मत : जोरकस तत्त्व तळ्यावरून सिद्ध होत नाही, पण आपणही सुटत नाही. टिमरमनच्या लिसाला सुट्टी मिळते ती शेकडो मुलं बाहेर काढल्यानंतर. आपल्यातल्या बहुतेकांनी पहिलंही काढलेलं नसतं.

या विषयावर लिहिणार असाल तर प्रयोगशाळेतली सवय वापरा, एका वेळी एकच चल बदला. भार सारखा ठेवून नातं बदला. नातं सारखं ठेवून मुलांची संख्या बदला. मग एका जीवाऐवजी फी ठेवून बघा. उत्तर कुठल्या बदलाला हललं, त्यावरून तुमचा आक्षेप कुठल्या शब्दावर आहे ते कळेल. गाइडने पहिला प्रश्न विचारला तर तो बहुधा हाच असेल.