दारामागची पाटी आणि पडद्यावरचं IE

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचं दार उघडलं की रबरी गास्केटच्या बाहेरच्या काठावर किंवा दाराच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांचं एक चंदेरी स्टिकर दिसतं. काही मशीनना ते पाठीमागे असतं. टेक्निशियन फोनवर ‘मॉडेल सांगा’ म्हणाला की आपण पुढच्या पॅनेलवरचं, जाहिरातीसाठी रंगवलेलं नाव वाचतो. त्याला हवं असतं ते या पाटीवरचं, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. मुख्य क्रमांकानंतर आलेली दोन-चार अक्षरं फालतू वाटतात, पण एकाच नावाच्या दोन मशीनमध्ये सर्किट बोर्ड वेगळा असेल तर तो फरक तिथेच कळतो. शून्य आणि O, पाच आणि S यांची गल्लत टाळायला फोटो उत्तम.

मला या पाटीवर सर्वांत आवडते ती पाण्याच्या दाबाची ओळ. व्होल्ट-वॅट सगळे वाचतात, हिच्याकडे कुणी बघत नाही. एखाद्या पाटीवर तिथे ०.०५ ते ०.८ मेगापास्कल असं लिहिलेलं असतं. पाण्याची एक मीटर उंची म्हणजे साधारण ०.०१ मेगापास्कल. म्हणजे ही पाटी सांगते की टाकीतल्या पाण्याची पातळी माझ्या नळापेक्षा निदान पाच मीटर वर हवी. उंच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर हे आपोआप जमतं. गच्चीच्या लगेच खालच्या मजल्यावर मात्र पाणी आणि नळ यांत जेमतेम तीन मीटर असतात.

आता पडद्याकडे येऊ. एलजीच्या मशीनवर IE उमटलं की लोक ‘इनलेट व्हॉल्व्ह गेला’ असं सांगून मोकळे होतात. कोड तसं म्हणत नाही. मशीनपाशी ड्रममधल्या पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर आहे आणि घड्याळ आहे. ठरलेल्या वेळात पातळी गाठली गेली नाही, एवढंच त्याला कळतं आणि तेवढंच तो बोलतो. कारण कुठलंही असू शकतं: बंद नळ, मुरगळलेला पाइप, गाळाने भरलेली जाळी, किंवा ड्रेन पाइप जमिनीवर टाकल्यामुळे भरतं तसं वाहून जाणारं पाणी. या शेवटच्याची खूण कानाला मिळते. पाणी भरत असतानाच मोरीत पाणी पडल्याचा आवाज येतो.

लिपीतही बारकावा आहे. याच कंपनीच्या मशीनवर लहान u चं uE म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झालेत आणि मशीन ते सारखे करू बघतंय. मोठं UE म्हणजे तो प्रयत्न फसला. आणि दुसऱ्या कंपनीकडे याच अक्षरांचा अर्थ वेगळा असू शकतो, म्हणून मॉडेलशिवाय कोड सांगणं अर्धवटच. मशीन बंद केलं की तो पुसला जातो, तेव्हा प्लग काढायच्या आधी पडद्याचाही फोटो हवा.

गच्चीखालच्या फ्लॅटमधून टेक्निशियनला गेलेला चांगला निरोप असा असेल: ‘दादा, मॉडेल आणि सिरियल नंबरचा फोटो पाठवलाय. IE येतंय, पहिल्यांदा पाणी भरतानाच. सकाळी टाकी भरलेली असते तेव्हा येत नाही, संध्याकाळी येतं. नळ पूर्ण उघडा आहे, मशीनकडच्या टोकाची जाळी धुतली, तरी तेच. ड्रेन पाइप कमरेइतका उंच आहे. टाकीतलं पाणी नळापासून तीनेक मीटर वर असेल.’

यात सकाळ-संध्याकाळचं वाक्य सोन्याचं. तुंबलेली जाळी किंवा बिघडलेला व्हॉल्व्ह टाकी बघून वागत नाही. हा निरोप वाचणारा माणूस नवा व्हॉल्व्ह घेऊन निघायच्या आधी मशीनच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवण्याचं विचारेल.

बादली लावून बघितली, ती झटकन भरली, असं कुणी म्हणेल. पण बादली प्रवाह मोजते आणि पाटी दाब मागते. मोकळ्या नळातून कमी दाबावरही भरपूर पाणी येऊ शकतं. व्हॉल्व्हमधला पडदा नीट उघडायला मात्र थोडा दाब लागतोच. म्हणून इथे बादलीपेक्षा मोजपट्टीचा उपयोग जास्त. उंची पुरेशी निघाली, जाळी स्वच्छ असली आणि तरी कोड सकाळ-संध्याकाळ सारखाच येत राहिला, तर संशय व्हॉल्व्हच्या कॉइलवर किंवा पातळीच्या सेन्सरकडे जाणाऱ्या बारीक नळीवर जातो. ते तपासायला मशीन उघडून मीटर लावावा लागतो, आणि तिथून पुढचं काम टेक्निशियनचं.