टेबलावरचे तीस इंच

नवं घर बांधायला काढलं की हल्ली नकाशाच्या पाठोपाठ ‘थ्रीडी’ येतं. विकाराबाद–लातूर रोड रेल्वेमार्गावरच्या, भालकी आणि उदगीर यांच्या मधल्या कमलनगरसारख्या गावातही घरमालकाच्या मोबाइलवर हॉल, स्वयंपाकघर, देवघर आणि जेवणाची खोली यांची चित्रं बांधकामाआधीच येऊन पडतात. त्यांतलं जेवणाच्या खोलीचं चित्र बहुधा ठरलेल्या घडणीचं असतं. सहा खुर्च्यांचं टेबल, मागे खिडकी, खाली चकचकीत फरशी आणि टेबलाच्या मध्यावर छतातून सोडलेला लोंबता दिवा. थ्रीडी चित्रांच्या या कलेची आजची अवस्था तपासायला एवढं एकच चित्र पुरतं, आणि त्यातही तपासायचा तो दिवा आणि टेबल यांच्यामधला रिकामा भाग.

प्रकाशाचं गणित या कलेनं केव्हाच आत्मसात केलं आहे. जेम्स काजिया यांनी 1986 साली प्रकाशाच्या परावर्तनाचं समीकरण मांडलं. पृष्ठभागावर पडलेला उजेड पुढच्या पृष्ठभागावर कसा उसळतो याचा हिशेब त्यात आहे, आणि आजची बहुतेक गंभीर रेंडर सॉफ्टवेअरं त्याच पायावर उभी आहेत. मोफत मिळणाऱ्या ब्लेंडरमध्येही 2011 पासून सायकल्स नावाचं तसं इंजिन आहे. लाकडाचा पोत, काचेची झळाळी, पडद्यातून गाळून येणारं ऊन हे सारं आता साध्या संगणकावरही पटण्याजोगं उतरतं. कमी पडतं ते माप.

मापं अवघड नाहीत. जेवणाचं टेबल जमिनीपासून 30 इंच उंच, खुर्चीची बैठक साधारण 18 इंच, आणि दिव्याची खालची कड टेबलाच्या पृष्ठभागापासून 30 ते 36 इंच वर, ही जगभर रुळलेली मापं आहेत. तीस इंच धरले तर दिव्याची कड जमिनीपासून बरोबर पाच फुटांवर येते. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अंदाजे 46 इंचांवर असतात, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिव्याखालून मोकळा दिसतो. इतकं सरळ माप असताना चित्रांत दिवा वारंवार छताला चिकटलेला दिसतो. त्याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही कामाच्या पद्धतीतून आलेली आहेत.

पहिलं कारण तयार मॉडेल. दिवा, खुर्ची, फुलदाणी हे कोणी मुळापासून घडवत नाही, ते संग्रहातून उचललं जातं, आणि त्यात गैर काही नाही. पण दिव्याच्या मॉडेलची वायर त्याच्या मूळ कर्त्यानं मनाला येईल तेवढी ठेवलेली असते. समजा, वायर 24 इंच, शेड 12 इंच उंच आणि 16 इंच व्यासाची आहे. कमलनगरमधल्या नव्या घराचं छत दहा फुटांवर, म्हणजे 120 इंचांवर धरू. मॉडेल छताला टेकवून सोडलं की शेडची कड 84 इंचांवर थांबते. टेबलापासून 30 इंचांऐवजी 54 इंच. काही कलाकारांना हे खटकतं, पण ते फक्त वायर लांबवण्याऐवजी अख्खं मॉडेल मोठं करतात. 36 इंचांचा दिवा 60 इंचांचा झाला की 16 इंचांची शेडही जवळजवळ 27 इंचांची होते. टेबल 36 इंच रुंद असेल तर तिनं त्याची तीन चतुर्थांश रुंदी व्यापलेली असते. चित्रात दिवा योग्य उंचीवर, तरी खोली बावळट दिसते, आणि पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही.

दुसरं कारण कॅमेरा. चित्रासाठी तो साडेचार-पाच फुटांवर ठेवण्याची सवय आहे. पाच फुटांवर लटकलेल्या दिव्याची कड तिथून पाहिली तर ती चित्राच्या अगदी मधोमध, क्षितिजरेषेवर येते आणि शेड मागच्या खिडकीवर किंवा हौसेनं रंगवलेल्या भिंतीवर चढते. मग भिंत मोकळी दिसावी म्हणून दिवा वर ओढला जातो. चौकट सुधारते, खोली बिघडते. खरा उपाय कॅमेरा हलवण्याचा आहे. तो चार फुटांपर्यंत खाली आणला किंवा बाजूला सरकवला की दिवा आपोआप खिडकीच्या वाटेतून दूर होतो.

पाहणाऱ्यालाही ही चूक पकडता येते. चित्रातल्या उभ्या रेषा सरळ उभ्या असतील, तर कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावरच्या उभ्या मापांचं परस्पर प्रमाण चित्रात टिकून राहतं. दिवा टेबलाच्या मध्यावर आहे, म्हणून मधल्या खुर्चीच्या आसपास, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर, जमिनीपासून टेबलापर्यंतचं अंतर मोबाइलच्या पडद्यावर बोटानं मोजावं. टेबल ते दिवा हे अंतरही साधारण तेवढंच असायला हवं. ते पावणेदोन पटीहून थोडं जास्त भरलं तर दिवा 54 इंचांवर टांगलेला आहे हे समजावं. दुसरी खूण शेडच्या कडेची. कॅमेरा कडेच्या खाली असेल तर शेडच्या आतला भाग थोडा दिसतो, शेडच्याही वर असेल तर तिचा माथा दिसतो. सारं चित्र बसलेल्या माणसाच्या नजरेतून घेतलेलं वाटावं आणि दिव्याचा माथाही दिसावा, असं होऊच शकत नाही.

उंचीचा प्रश्न दिसण्यापुरता नाही, ही गोष्ट बहुतेक चित्रांमधून साफ निसटते. वरचाच दिवा घेऊ. त्यात बल्ब कडेपासून 10 इंच आत आहे असं धरलं, तर शेडमधून सुटणारा उजेड 30 इंचांच्या उंचीवरून टेबलावर 64 इंच व्यासाचं वर्तुळ टाकतो. टेबलाची पाच फूट लांबी त्यात नीट बसते. तोच दिवा 54 इंचांवर नेला की वर्तुळ साडेआठ फुटांचं होतं, उजेड खुर्च्यांच्या पाठींवर आणि जमिनीवर सांडतो, आणि ताटात पडणारा थेट उजेड आधीच्या दोन पंचमांशाहूनही थोडा कमी उरतो. रेंडरमध्ये याचा पत्ता लागत नाही. कलाकार एक्स्पोजर वाढवतो किंवा न दिसणारा एखादा प्रकाशाचा पट्टा छताखाली लपवतो, आणि ताट पुन्हा उजळतं. घरात तो लपवलेला पट्टा नसतो.

चकाकीचं तसंच. टेबलाशी बसलेल्याचे डोळे दिव्याच्या मध्यापासून सुमारे 22 इंच दूर असतात. 30 इंचांच्या उंचीवर, 10 इंच आत असलेला बल्ब शेडच्या कडेमागे लपतो. शेड उथळ असली आणि बल्ब चारच इंच आत असला, तर त्याच उंचीवर तो सरळ डोळ्यांत येतो. उथळ शेड ठेवायचीच असेल तर कड टेबलापासून 22 इंचांपर्यंत खाली आणावी लागते. म्हणजे उंची शेडच्या खोलीशी बांधलेली आहे, सुटी ठरवता येत नाही. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेन यांनी हे 1920 च्या दशकापासून आयुष्यभर हाताळलं. 1958 सालचा त्यांचा ‘पीएच 5’ हा दिवा 50 सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याच्या एकावर एक रचलेल्या शेड्समधून बल्ब कुठूनच थेट दिसत नाही, आणि तो टेबलापासून साठेक सेंटिमीटरवर, म्हणजे चांगला खाली टांगायचा दिवा आहे. रेंडरच्या संग्रहांत त्याचं मॉडेल सर्रास आढळतं, आणि तेही पुष्कळदा छताजवळ टांगलेलं.

चांगलं काम होतच नाही असं नाही. स्पेनच्या अ‍ॅलेक्स रोमन यांची ‘द थर्ड अँड द सेव्हन्थ’ ही 2009 ची फिल्म पूर्णपणे संगणकावर घडवलेली आहे, आणि तिची ताकद तिच्या कॅमेऱ्यात आहे. खऱ्या इमारतीत उभा राहून छायाचित्रकार जिथून पाहील तिथूनच तो पाहतो. आयकिया कंपनीच्या कॅटलॉगमध्ये 2006 च्या सुमारास एक साधी लाकडी खुर्ची संगणकावर घडवून छापली गेली. पुढच्या सात-आठ वर्षांत तिथली सुमारे तीन चतुर्थांश उत्पादनचित्रं रेंडर झाली. दर्जा सांभाळण्यासाठी तिथे छायाचित्रकारांना थ्रीडी आणि थ्रीडी कलाकारांना छायाचित्रण शिकायला लावलं. ही दुसरी अर्धी शिकवणी आपल्याकडच्या कोर्समधून जवळपास गायब आहे. मुलं बटणं शिकतात, टेप घेऊन टेबल मोजत नाहीत.

सीमाभागातल्या घरांच्या चित्रांत आणखी दोन गोष्टी हरवतात. पहिली फरशी. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातच आहे, आणि या पट्ट्यातल्या असंख्य घरांत शहाबादी फरशी पायाखाली आहे. चित्रात मात्र संग्रहातला पांढराशुभ्र संगमरवर येतो. पांढरी गुळगुळीत फरशी दिव्याचा उजेड उसळवून छतापर्यंत नेते. करडी, पॉलिश न केलेली शहाबादी त्यातला बराच गिळते. घरात शहाबादी राहणार असेल तर चित्रातली खोली खऱ्यापेक्षा उगाच उजळ निघते, आणि एका दिव्यानं भागेल असा चुकीचा समज होतो.

दुसरी गोष्ट पंखा, आणि ती जास्त गंभीर. बीदरच्या एप्रिल-मे महिन्यांत पंख्याशिवाय जेवायला कोण बसेल? तरी लोंबत्या दिव्याच्या चित्रांत पंखा जवळजवळ कधीच नसतो, कारण खोलीच्या मध्यावर दोघांचा हक्क आहे. 48 इंची पंख्याची पाती मध्यापासून दोन फूट जातात. दिवा त्या घेरात आला तर पाती त्याच्या वायरीवर आपटतात. घेराच्या बाहेर पण जवळ असला तर वाऱ्यानं वायर झुलते, आणि ताटावरचा उजेडही झुलतो. मार्ग आहेत. पंखा भिंतीवर घ्यावा, किंवा दिव्याला वायरऐवजी ताठ दांडी द्यावी, किंवा पंखा टेबलाच्या डोक्यावरून काढून खोलीच्या मोकळ्या बाजूला न्यावा. पण यातलं काहीही चित्रात दाखवल्याशिवाय ठरत नाही.

आणि ठरवण्याची वेळ फार लवकर येते. स्लॅब ओतण्याआधी त्यात वायरिंगचे पाइप आणि पंख्याचे बॉक्स टाकले जातात. कोणी सांगितलं नाही तर वायरमन एक पॉइंट खोलीच्या मध्यावर सोडतो. टेबल मात्र पुढे जाण्या-येण्याला जागा हवी म्हणून भिंतीकडे सरकतं, आणि दिवा टेबलाच्या कडेवर लटकतो. बाजारातल्या बऱ्याच लोंबत्या दिव्यांना मीटरभर, म्हणजे 39 इंच वायर असते. दहा फुटांच्या छतातून 12 इंचांचा दिवा त्या वायरनं सोडला तर कड 69 इंचांवर येते, हवी त्यापेक्षा नऊ इंच वर. सहा इंचांचं फॉल्स सीलिंग झालं तर ती 63 वर उतरते आणि चालून जाते. जुन्या बारा फुटी छतात तीच वायर दिव्याला उभ्या माणसाच्या डोक्याहूनही वर ठेवते. जुन्या घरांतले लामणदिवे साखळीवर असत, कड्या बदलून वरखाली करता येत. आजच्या तयार दिव्याची वायर लांब करायची तर ती खरेदीच्या वेळीच मागावी लागते.

म्हणून जेवणाच्या खोलीचं थ्रीडी स्लॅबच्या आधी हातात आलं पाहिजे आणि त्याच्यासोबत एक साधा उभा छेद हवा. त्याच्यावर छताची उंची, टेबलाची उंची, दिव्याच्या कडेची जमिनीपासूनची उंची, वायरीची लांबी आणि दोन भिंतींपासून पॉइंटची दोन अंतरं अशी सहा मापं लिहिलेली हवीत. सॉफ्टवेअरमध्ये ही मापं आधीच भरलेली असतात, ती कागदावर उतरवायला काही मिनिटं लागतात. मोबाइलवर येणाऱ्या बहुतेक थ्रीडींसोबत आज तो कागद नसतो, आणि वायरमन त्या सुंदर चित्राकडे बघून पॉइंटची जागा अंदाजानं ठरवतो.